साबणाला आंबट सोसत नाही

जानेवारी २०२१. करोनामुळे आपण सगळेच दिवसातून वीस-वीस वेळा हात धूत होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात साबणावरून भांडण उभं राहिलं. सेबामेड या जर्मन ब्रँडच्या जाहिराती प्रतिस्पर्ध्यांची थेट नावं घेऊन सांगत होत्या की लक्स आणि पेअर्सचा पीएच १०, डव्हचा ७ आणि आमचा मात्र ५.५, त्वचेला हवा तेवढाच. वर खोचक शेरा असा की कपडे धुण्याच्या रिनच्या वडीचा पीएचही १०च असतो. हिंदुस्थान युनिलिव्हर कोर्टात गेली. त्याच महिन्यातल्या अंतरिम आदेशात कोर्टाने रिनशी केलेली तुलना थांबवली. अंघोळीच्या साबणांशी पीएचची तुलना मात्र काही बदल करून दाखवायला मुभा दिली.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. एरवी आम्ल-अल्कलीचा धडा सुरू झाला की शेवटच्या बाकावर मोबाइल निघतात. त्या वर्षी ऑनलाइन तासाला मात्र मुलं स्वतःहून पीएचबद्दल विचारत होती. त्यातला एक प्रश्न फार नेमका होता. ‘मॅडम, त्वचेला ५.५ बरा असतो हे कंपन्यांना माहीत आहे, तर मग त्या ५.५चा साबण का नाही बनवत?’

उत्तर एका ओळीचं आहे. बनवत नाहीत, कारण बनतच नाही. ५.५ पीएचचा साबण ही ओल्या विस्तवासारखी गोष्ट आहे. ज्या वडीचा पीएच खरोखर ५.५ आहे, तिच्यात साबण नाही, दुसरंच काहीतरी आहे. ते दुसरं काय आणि ते कुठून आलं, याची गोष्ट दोनशे वर्षांची आहे.

पॅरिस, १८११

साबण करायची कृती माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक होती. चरबी किंवा तेल घ्या, राखेचं किंवा सोड्याचं तीव्र पाणी घाला, शिजवा. पण त्या कढईत नेमकं काय घडतं हे कुणालाच माहीत नव्हतं. १८११च्या सुमारास मिशेल शेव्हरल या तरुण फ्रेंच रसायनज्ञाकडे डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचा नमुना तपासायला आला. साबणात आम्ल मिसळलं की साबण मोडतो आणि पाण्यात न विरघळणारा, मेणासारखा पदार्थ वेगळा होतो, हे त्याच्या लक्षात आलं. हा पदार्थ मूळची चरबी नव्हता. तो स्वतःच एक आम्ल होता. आज आपण त्याला फॅटी ॲसिड, मेदाम्ल म्हणतो. पुढे बारा वर्षं काम करून १८२३ साली त्याने ते पुस्तकरूपात मांडलं. साबण म्हणजे मेदाम्लाचा क्षार, एवढं त्यातून पक्कं झालं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर याच प्रयोगात आहे. साबणाच्या रेणूला लांब तेलकट शेपूट असतं आणि एका टोकाला डोकं असतं. शेपूट तेलाला चिकटतं, डोकं पाण्यात रमतं, म्हणून मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. पण हे डोकं दुबळ्या आम्लापासून बनलेलं आहे. पाण्यात जरा आंबटपणा आला की ते हायड्रोजन पकडून बसतं आणि पाण्याशी असलेलं नातं तोडतं. मग उरतो तो मेणाचा कण. धुण्याची ताकद संपते, फेस बसतो.

त्यामुळे साबणाला साबण म्हणून टिकायचं असेल तर पाणी अल्कधर्मीच लागतं. शुद्ध साबण साध्या पाण्यात विरघळवला तरी त्या पाण्याचा पीएच ९ ते १०च्या आसपास जातो. यात कॉस्टिक जास्त पडल्याचा प्रश्न नाही. घरगुती साबण विकणारे सांगतात की आमच्या वडीत कॉस्टिकचा कणही उरलेला नाही. ते खरं असू शकतं. तरीही पीएच ९ला जातोच, कारण तो साबणाचा स्वभाव आहे, भेसळ नव्हे.

हे स्वयंपाकघरात करून बघा

शेव्हरलचा प्रयोग दहा मिनिटांत घरी करता येतो. काचेचे तीन ग्लास घ्या आणि त्यात फिल्टरचं कोमट पाणी भरा. पहिल्यात अंघोळीच्या साध्या साबणाचा अर्धा चमचा कीस विरघळवा. दुसऱ्यात सौम्य म्हणून विकला जाणारा पारदर्शक, जेलसारखा फेसवॉश अर्धा चमचा घाला. तिसऱ्यात ट्यूबमधून पांढऱ्या, मोतिया क्रीमसारखा निघणारा, भरपूर फेसाचा फेसवॉश घाला. तिन्ही ढवळून फेस काढा. मग प्रत्येकात दोन-दोन चमचे पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका.

पहिल्या ग्लासात दूध नासल्यासारखं होतं. पाणी पांढुरकं होतं, फेस बसतो, थोड्या वेळाने वर मेणचट कण तरंगू लागतात. ते शेव्हरलचं मेदाम्ल. दुसऱ्या ग्लासाला काही फरक पडत नाही, पुन्हा ढवळलं की पुन्हा फेस येतो. गंमत तिसऱ्या ग्लासात आहे. मी आणलेल्या दोन क्रीमी फेसवॉशपैकी एक जसाच्या तसा राहिला आणि दुसरा साबणासारखाच नासला. म्हणजे नाव फेसवॉश, आत साबणच, फक्त सोडियमऐवजी पोटॅशियमचा आणि म्हणून मऊ.

एक सावधगिरी. वडी जर सिंडेटची असेल (सिंडेट म्हणजे काय ते पुढे येतंच आहे), तर तिला आकार देण्यासाठी आधीपासूनच मेणासारखे पदार्थ घातलेले असतात आणि तिचं पाणी मुळातच दुधाळ दिसतं. अशा वेळी पाण्याच्या रंगावर जाऊ नका, फेस टिकतो का ते बघा. काही वड्यांत दोन्ही मिसळलेलं असतं. तिथे निकाल अर्धवट येतो, आणि तोही खराच असतो.

बिअरच्या कारखान्यातला आकडा

पीएच हा शब्द १९०९चा. कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीची प्रयोगशाळा होती, आजही तिचं नाव आहे. तिथे सोरेन सोरेनसेन एन्झाइमांवर काम करत होता. एन्झाइम म्हणजे शरीरातली बारीकसारीक रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं. ती आंबटपणाच्या बाबतीत फार नखरेल असतात. ठरावीक आंबटपणाला जोमाने काम करतात, तो बदलला की सुस्तावतात. आंबटपणा सोप्या आकड्यात सांगता यावा म्हणून सोरेनसेनने ही मोजपट्टी काढली. तिच्यावर ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. एक पायरी म्हणजे दहा पट फरक. त्या हिशेबाने ५.५ आणि १० यांच्यातलं अंतर साडेचार पायऱ्यांचं, म्हणजे सुमारे तीस हजार पटींचं आहे.

पुढे १९२८ साली जर्मनीत हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या दोघांनी निरोगी त्वचेचा पृष्ठभाग मोजला आणि तो आम्लधर्मी असल्याचं दाखवून दिलं. त्यांनी त्याला ‘आम्लाचं पांघरूण’ अशा अर्थाचं नाव दिलं. आज हातावरच्या त्वचेची सरासरी ५च्या जरा खालीच मोजली जाते. म्हणजे ५.५ हा काही देवाने कोरून दिलेला आकडा नाही. ‘त्वचा किंचित आंबट आहे’ हे सांगायची ती एक सोयीची खूण आहे.

या आंबटपणाचं त्वचेला काय काम? इथे पुन्हा सोरेनसेनची एन्झाइमं येतात. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेले सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ हा गिलावा. हा गिलावा तयार करणाऱ्या एन्झाइमांना आंबट वातावरण लागतं. जुन्या विटा सुटून गळून पडाव्यात म्हणून त्यांना जोडणारे दुवे कापणारी एन्झाइमं वेगळी, आणि ती पीएच वाढला की जास्त चेकाळतात. म्हणजे त्वचा सतत अल्कधर्मी राहिली तर एकाच वेळी गिलावा कमी बनतो आणि विटा लवकर सुटतात. भिंत गळकी होते, आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं आत शिरतं. कोरडी, खाजणारी, सोलवटणारी त्वचा ती हीच.

शिवाय अल्कलीत हा वरचा थर फुगतो आणि साबणाचे रेणू त्यात खोल शिरतात. ते पाण्याने पूर्ण निघत नाहीत. धुतल्यावर दहा मिनिटांनी गाल ओढल्यासारखे वाटतात, त्याला आपण ‘स्वच्छ वाटतंय’ म्हणतो. तो स्वच्छतेचा पुरावा नाही. फुगलेला थर पाणी गमावून आकसतोय, एवढंच त्यातून कळतं.

युद्ध, गिरण्या आणि एक पांढरी वडी

साबणाला पर्याय शोधणाऱ्यांच्या मनात त्वचा नव्हतीच. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली आणि तेल-चरबीचा तुटवडा पडला. जे काही होतं ते खायलाच पुरत नव्हतं, साबणात कोण घालणार? तेव्हा तिथल्या रसायनज्ञांनी दगडी कोळशापासून मिळणाऱ्या पदार्थांतून नेकल नावाचं द्रव्य तयार केलं. कपडे धुवायला ते सुमारच होतं, पण वाट सापडली.

दुसरी अडचण कापड गिरण्यांची. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत ती आजही रोज दिसते. क्षारांच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो. साबणाचं तेच दुबळं डोकं पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटून तळाशी बसतं. गिरणीत हा थर सुतावर बसायचा आणि रंग डागाळायचा. १९३०च्या आसपास आय.जी. फार्बेन या जर्मन कंपनीने इगेपॉन नावाची द्रव्यं काढली. शेपूट जुन्या साबणाचंच, मेदाम्लाचं. डोकं मात्र बदललेलं, सल्फोनेटचं. हे डोकं तगड्या आम्लाच्या घराण्यातलं, त्यामुळे ते ना कॅल्शियमला दबतं ना आंबटाला. लिंबू पिळा, ते आपलं काम करतच राहतं.

साबणाची अल्कलीची सक्ती इथे सुटली. डोकं आंबटाला घाबरत नाही, म्हणजे पीएच हवा तिथे ठेवता येतो. सिंथेटिक डिटर्जंट या दोन शब्दांतून सिंडेट हे नाव आलं. इगेपॉनच्याच कुळातलं, खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपासून बनणारं सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट वापरून लीव्हर ब्रदर्सने १९५७ साली अमेरिकेत डव्ह आणला, पीएच ७च्या आसपास. दहा वर्षांनी जर्मनीत सेबामेडची ५.५ची वडी बाजारात आली. २०२१ साली मुंबईच्या कोर्टात एकमेकांसमोर आलेले हे दोन्ही ब्रँड खरं तर चुलतभाऊ आहेत. दोघंही साबणाच्या घरातून बाहेर पडलेले.

इथे आपल्याकडची शिकेकाई आणि रिठाही आठवतात. त्यांचा फेस सॅपोनिन नावाच्या वनस्पतिजन्य रेणूंचा असतो. त्यांचं पाण्यात रमणारं टोक साखरेचं असतं, त्यामुळे त्यांनाही अल्कली लागत नाही. रसायनाच्या भाषेत शिकेकाई साबणापेक्षा सिंडेटच्या जवळची आहे, हे सांगितलं की वर्गात हमखास वाद होतो.

मग पीएच हेच सगळं का?

नाही, आणि जाहिराती हेच सांगत नाहीत. १९७९ साली पीटर फ्रॉश आणि आल्बर्ट क्लिग्मन या त्वचारोगतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या नावाजलेल्या १८ साबणांची चाचणी घेतली. (क्लिग्मन हे नाव तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे बदनामही आहे, ते विसरू नये.) माणसांच्या हातावर छोट्या डब्या बसवून त्यात साबणाचं आठ टक्क्यांचं द्रावण पाच दिवस, दररोज काही तास ठेवलं आणि लाली, सालं, भेगा मोजल्या. बहुतेक साबण कमी-अधिक जाचकच निघाले. सगळ्यात सौम्य ठरला तो डव्ह. त्याचा पीएच ५.५ नव्हता, तरीही.

उलट उदाहरण सोडियम लॉरिल सल्फेटचं. त्याचा पीएच ५.५ला आणून ठेवता येतो, तरीही ते त्वचेला इतकं जाचतं की त्वचेवर मुद्दाम दाह निर्माण करायचा असेल तर संशोधक प्रयोगशाळेत तेच वापरतात. म्हणजे रेणूचा स्वतःचा स्वभाव आधी बघायचा आणि पीएच त्यानंतर. साबणाच्या बाबतीत मात्र हे दोन प्रश्न एकात एक अडकलेले आहेत, कारण साबणाचा पीएच त्याच्या स्वभावातूनच येतो.

पीएचमुळे चेहऱ्यावर काय घडतं याचा एक धागा म्युनिकमध्ये सापडतो. मार्किओनिनी पुढे ज्या म्युनिक विद्यापीठाच्या त्वचारोग विभागाचे प्रमुख झाले, तिथल्याच पुढच्या पिढीने १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुरमांची सुरुवात असलेल्या तरुणांचे दोन गट केले. एकाने तीन महिने साध्या साबणाने चेहरा धुतला, दुसऱ्याने आम्लधर्मी सिंडेटने. साबणाच्या गटात लाल, सुजलेले फोड वाढले, सिंडेटच्या गटात कमी झाले. आधीच्या अभ्यासांत त्यांना असंही दिसलं होतं की अल्कधर्मी धुण्याने मुरमांशी संबंधित जिवाणूंची संख्या वाढते. सिंडेट हे मुरमांचं औषध आहे असा याचा अर्थ नाही. आधीच चिडलेल्या त्वचेला रोजचं धुणं आणखी चिडवू शकतं, एवढा मात्र नक्की आहे.

निरोगी त्वचा साबणाने धुतल्यावर काही तासांत पुन्हा आपल्या आंबटपणावर येते. नुसत्या नळाच्या पाण्यानेही पीएच थोडा चढतोच. म्हणून ज्यांनी आयुष्यभर एकाच साबणाने अंघोळ केली आणि ज्यांची त्वचा ठणठणीत आहे, त्यांनी तो बदलायचं कारण नाही. अडचण येते ती त्वचेला सावरायला वेळ मिळत नाही तेव्हा. दिवसात तीस वेळा हात धुणारी नर्स, एक्झिमा असलेलं मूल, म्हातारपणची कोरडी कातडी, आणि मुरमांसाठी ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावणारी विशीतली मुलं. ही औषधं स्वतःच त्वचा कोरडी करतात. वरून साबण आला की गाल भाजल्यासारखे होतात, आणि मुलं दोष औषधाला देऊन तेच बंद करतात.

वेष्टनाची मागची बाजू

माझ्या एका विद्यार्थिनीचं असंच औषध सुरू होतं. ‘मॅडम, हा हँडमेड साबण घेऊ का? साडेतीनशेचा आहे, पण नॅचरल आहे आणि पीएच ५.५ लिहिलंय.’ तिने पाठवलेल्या फोटोत घटकांची यादी होती. खोबरेल तेल, ऑलिव्ह तेल, सोडियम हायड्रॉक्साइड. मी तिला म्हटलं, ‘तेल अधिक कॉस्टिक म्हणजे काय बनतं, सांग बघू.’ ती म्हणाली, ‘साबण.’ आणि मग स्वतःच, ‘मग ५.५ कसा असेल?’ तिचे साडेतीनशे रुपये वाचले. डॉक्टरांना विचारून तिने त्याच्या निम्म्या किमतीचा साधा, बिनवासाचा क्लिन्झर घेतला आणि औषध सोडलं नाही.

ओळखायला एवढंच पुरतं. यादीच्या सुरुवातीला सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट, सोडियम कोकोएट किंवा सोडियम टॅलोएट असेल तर तो साबण. फेसवॉशवर मिरिस्टिक, स्टिअरिक, लॉरिक ही ॲसिडं आणि सोबत पोटॅशियम हायड्रॉक्साइड वरच्या ओळींत दिसलं, तर तोही साबणच, ट्यूबमधला. सुरुवातीलाच आयसेथिओनेट, ग्लुकोसाइड, बीटेन अशी नावं असतील तर ते सिंडेटचं कुळ.

टीएफएमचा आकडाही इथे उपयोगी पडत नाही. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये किमान ७६ टक्के टीएफएम लागतं, म्हणून रील्समध्ये ‘जास्त टीएफएम म्हणजे सौम्य’ असं सांगतात. पण टीएफएम म्हणजे वडीत मेदाम्लाचा अंश किती, एवढंच. ७६चा साबण जास्त अस्सल साबण असतो, आणि अस्सल साबणाचा पीएच आपण पाहिलाच आहे.

आणि हो, त्वचेला आंबट हवं म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. लिंबाच्या रसाचा पीएच २च्या आसपास असतो, आणि मोजपट्टीच्या त्या टोकालाही त्वचा तितकीच पोळते. लिंबू ग्लासातल्या साबणावर पिळा, तो कसा नासतो ते बघा, आणि मग दुकानात ५.५चा छाप पाहिलात की वडी उलटी करून मागची यादी वाचा.